वार खाली आहे म्हणाले : विसाव्या आठवड्यापासून बत्तिसाव्या आठवड्यापर्यंत काय करायचं

पाचव्या महिन्याची सोनोग्राफी झाली की रिपोर्ट घेऊन नवरा-बायको आत येतात, आणि चेहऱ्यावरूनच कळतं की खालच्या ओळीपर्यंत वाचून झालं आहे. बाळाचं हृदय, पाठीचा कणा, मूत्रपिंडं सगळं नीट असतं. पण शेवटी लिहिलेलं असतं 'प्लॅसेन्टा लो-लाइंग'. बाहेर बाकावर बसल्या बसल्या कुणीतरी सांगितलेलं असतं, "वार खाली आहे म्हणजे आता झोपूनच राहायचं, आणि सिझर ठरलेलंच." दोन्ही बहुतेक वेळा चूक असतं. तालुक्याच्या गावात प्रसूतीचं काम करताना हे मला इतक्या वेळा सांगावं लागतं की एकदा सविस्तर लिहून ठेवावं म्हटलं.

सोयीसाठी एका पेशंटला धरून जाऊ. तिला मेघना म्हणू, हे तिचं खरं नाव नाही. वय 27, पहिलंच बाळंतपण, रक्तगट ए निगेटिव्ह, हिमोग्लोबिन 9.4. सोनोग्राफी 20 आठवडे 2 दिवसांची. रिपोर्टमध्ये लिहिलेलं : वार मागच्या बाजूला, खालची कड इंटर्नल ऑसपासून 8 मिमी.

आधी तो आकडा खरा आहे का ते बघा

इंटर्नल ऑस म्हणजे पिशवीच्या तोंडाचं आतलं टोक, बाळाच्या बाजूचं. वारेची सगळ्यात खालची कड त्या टोकापासून किती दूर आहे, एवढंच या प्रकरणात मोजायचं असतं. 16 आठवड्यांनंतर हे अंतर 20 मिमी किंवा त्याहून जास्त असेल तर वार नेहमीच्या जागी आहे असं धरतात. 20 मिमीपेक्षा कमी, पण तोंड मोकळं असेल तर 'लो-लाइंग'. वारेनं तोंड झाकलं असेल तर 'प्लॅसेन्टा प्रिव्हिया'. जुन्या रिपोर्टांत ग्रेड एक ते चार, 'मार्जिनल', 'पार्शल' असे शब्द दिसतात. ते वाचून डोकं फिरवून घेऊ नका. तोंड झाकलंय का, आणि नसेल तर किती मिमी, एवढे दोनच प्रश्न विचारा.

आता मेघनाच्या 8 मिमीकडे वळू. ती सकाळपासून पाणी पिऊन, लघवी दाबून बसली होती, कारण सोनोग्राफीला लघवी भरलेली लागते हे आपल्याकडे पक्कं ठरलेलं आहे. पण मूत्राशय तुडुंब भरलं की ते पिशवीचा खालचा भाग पुढून दाबतं, पुढची आणि मागची भिंत एकमेकींना चिकटते, आणि तोंड आहे त्यापेक्षा लांब आणि वर असल्यासारखं दिसतं. मग वारही उगाच खाली दिसते. त्याच वेळी पिशवीचा खालचा भाग आकुंचन पावला असेल तर हीच फसगत होते. शिवाय वार मागे असेल तर पोटावरून बघताना मधे बाळाचं डोकं येतं आणि कड नीट दिसत नाही.

म्हणून पहिली पायरी : लघवी करून या आणि टीव्हीएस, म्हणजे योनीमार्गातून केलेली सोनोग्राफी, करून अंतर पुन्हा मोजा. या तपासणीची बायकांना भीती वाटते, सासूबाईंना त्याहून जास्त. "वार खाली असताना आतून मशीन घालायचं?" हा प्रश्न रास्तच आहे. पण प्रोब पिशवीच्या तोंडात शिरत नाही. तो अलीकडेच, दोन-तीन सेंटिमीटर अंतरावर थांबतो आणि तिरका असतो, त्यामुळे तोंडाला धक्का लागत नाही. वार खाली असतानाही ही तपासणी सुरक्षित आहे आणि पोटावरच्यापेक्षा कितीतरी अचूक. मेघनाचं अंतर अशा रीतीनं मोजलं तेव्हा 14 मिमी भरलं. तरी 20 पेक्षा कमीच, म्हणजे निदान बदललं नाही. पण पुढे तुलना करायला खरा आकडा हातात आला.

वार वर जाते म्हणजे काय होतं

वार एकदा रुजली की ती चालत कुठे जात नाही. फुगा अर्धवट फुगवून त्याच्या तोंडाजवळ एक टिकली लावा आणि मग फुगा पूर्ण फुगवा. टिकली जागची हलत नाही, पण तोंडापासून लांब गेलेली दिसते. पिशवीचं तसंच आहे. विसाव्या आठवड्यात तिचा खालचा भाग अगदी आखूड असतो. शेवटच्या तीन महिन्यांत तो ताणून लांब होतो आणि वारेची कड तोंडापासून दूर जाते. शिवाय वरच्या बाजूला रक्तपुरवठा चांगला असतो, तिकडे वार वाढत राहते आणि खालची कड हळूहळू विरळ होते.

म्हणूनच पाचव्या महिन्यात वार खाली असलेल्या 10 पैकी साधारण 9 जणींची वार बाळंतपणापर्यंत पुरेशी वर गेलेली असते. वारेनं तोंड झाकलेलं असेल तर मात्र, झाकलेला भाग जितका जास्त तितकी ही शक्यता कमी. मागच्या भिंतीवरची वार पुढच्यापेक्षा थोडी आळशी असते.

एक गोष्ट इथेच ठासून सांगतो. आधीचं सिझर झालेलं असेल आणि आता वार खाली आणि पुढच्या बाजूला असेल, तर हा लेख वाचून निर्धास्त होऊ नका. जुन्या टाक्याच्या जागी वार पिशवीच्या भिंतीत रुतलेली असू शकते. अशी वार बाळंतपणात सुटत नाही आणि रक्तस्राव जिवावर बेततो. अशा पेशंटची सोनोग्राफी हे प्रकार पाहण्याची सवय असलेल्या डॉक्टरांकडून करून घ्यावी, आणि बाळंतपण मोठ्या रुग्णालयात, जिथे रक्तपेढी, भूलतज्ज्ञ आणि नवजात बाळांचा अतिदक्षता कक्ष आहे तिथेच ठरवावं. त्यासाठी बत्तिसाव्या आठवड्याची वाट पाहू नये.

झोपून राहण्याबद्दल

मेघनाच्या घरी खाटेच्या पायथ्याखाली दोन-दोन विटा लागल्या होत्या. पाय वर, डोकं खाली, म्हणजे वार वर सरकेल. ती तीन दिवस तशी झोपली आणि चौथ्या दिवशी छातीत जळजळ आणि पाठदुखी घेऊन माझ्याकडे आली. विटा काढायला सांगितल्या.

रक्तस्राव होत नसेल तर केवळ वार खाली आहे म्हणून अंथरुणावर पडून राहण्यानं वार वर जात नाही आणि रक्तस्राव टळतो असंही दिसलेलं नाही. उलट पडून राहिल्यानं पायाच्या शिरांत रक्ताची गुठळी होण्याचा धोका वाढतो. गरोदरपणात तो आधीच वाढलेला असतो. स्नायू ढिले पडतात आणि बद्धकोष्ठताही होते. वार वर नेणारं औषध, इंजेक्शन, आसन किंवा पथ्य अस्तित्वात नाही. केवळ या कारणासाठी दर आठवड्याला हॉर्मोनचं इंजेक्शन कुणी लिहून दिलं असेल तर ते नेमकं कशासाठी, हे विचारा. कधी त्याला दुसरं कारण असतं, उदाहरणार्थ पिशवीचं तोंड आखूड असणं. कधी नसतंही.

मग काय टाळायचं? रोजचा स्वयंपाक, चालणं, बसून करायची नोकरी, जिना चढणं हे सगळं चालू राहू दे. हंडे भरून आणणं, पोती उचलणं, व्यायामशाळेतली वजनं, दम लागेल अशी कामं सोडून द्या. याला भक्कम पुरावा आहे असं मी म्हणणार नाही, पण एवढी सावधगिरी परवडते. कुंथायला लागू नये म्हणून पाणी, पालेभाज्या, भिजवलेले मनुके.

संबंधांविषयी कुणी विचारत नाही, पण मनात प्रश्न असतोच, म्हणून मीच बोलतो. वारेनं तोंड झाकलं असेल किंवा एकदा जरी लाल गेलं असेल, तर पुढच्या सोनोग्राफीपर्यंत संबंध नकोत. अंतर थोडं कमी आहे पण रक्त कधीच गेलेलं नाही, अशा वेळी मतं वेगवेगळी आहेत. मी बत्तिसाव्या आठवड्यापर्यंत थांबा म्हणतो. नवऱ्याला केबिनमध्ये बोलावून हे समोर सांगितलं की पुढे घरात वाद होत नाहीत.

दोन गोष्टी मात्र अजिबात नकोत. एक म्हणजे पोट चोळून घेणं आणि कळा याव्यात म्हणून एरंडेल पिणं. दुसरी, वार वर गेल्याचं सोनोग्राफीत दिसेपर्यंत बोटांनी केलेली आतली तपासणी. प्रोब अलीकडे थांबतो, बोट पिशवीच्या तोंडात जातं, आणि तिथे वार असेल तर एका तपासणीत धो-धो रक्त येऊ शकतं. कुठल्याही दवाखान्यात, रात्री दोन वाजता, नव्या डॉक्टरसमोरही पहिलं वाक्य हेच असू दे : "माझी वार खाली आहे, आतून तपासू नका." फाईलच्या वरच्या पानावर लाल पेननं लिहून ठेवा. मेघनानं ते मोबाईलच्या कव्हरमागेही लिहून ठेवलं होतं.

माहेरी कधी जायचं

आपल्याकडे पहिलं बाळंतपण माहेरी. सातव्या महिन्यात डोहाळजेवण होतं आणि ओटी भरून मुलगी आईकडे जाते. वार खाली असताना यातला अडचणीचा भाग प्रवासाचा नाहीच. एसटीच्या धक्क्यांनी वार सुटते असं नाही. अडचण आहे ती पोचल्यावरची : तिथून रक्त चढवण्याची आणि रात्री सिझर करण्याची सोय किती वेळावर आहे?

मेघनाचं माहेर घाटावरच्या एका वाडीत. तिथून असं रुग्णालय अडीच तासांवर. सासरहून 20 मिनिटांवर. रक्त सुरू झालं तर तिच्याकडे अडीच तास असतीलच, हे कुणी सांगू शकत नाही. म्हणून ठरलं असं : डोहाळजेवण सासरीच, आई पंधरा दिवसांसाठी इकडे येईल, आणि माहेरी जायचं की नाही हे बत्तिसाव्या आठवड्याच्या आकड्यावर. सासूबाईंना हे पटवायला मला अर्धा तास लागला, सोनोग्राफी समजावण्यापेक्षा जास्त.

घर दूर असेल तर घरी कायम एक मोठं माणूस, चार्ज केलेला फोन आणि रात्री गाडी देणाऱ्या शेजाऱ्याचा नंबर, एवढं तरी हवंच.

हिमोग्लोबिन वाढवायला आठवडे लागतात

खाली असलेल्या वारेचा खरा धोका म्हणजे रक्त जाणं. किती जाईल हे आपल्या हातात नाही. जाण्याआधी अंगात किती आहे, हे मात्र आहे. 12 हिमोग्लोबिनची बाई जितकं रक्त गेल्यावर तग धरते, तेवढ्यात 8 ची बाई कोसळते. म्हणून मला वाटतं, या 12 आठवड्यांतलं सगळ्यात उपयोगी काम लोहाच्या गोळीचं.

गरोदरपणात 11 पेक्षा कमी हिमोग्लोबिन म्हणजे पंडुरोग. सरकारी दवाखान्यात मिळणाऱ्या लाल गोळीत 60 मिलिग्रॅम लोह आणि 500 मायक्रोग्रॅम फॉलिक ॲसिड असतं. हिमोग्लोबिन चांगलं असेल तर रोज एक, 11 च्या खाली असेल तर दोन. गोळी चहाबरोबर, दुधाबरोबर किंवा कॅल्शियमच्या गोळीबरोबर घेतली तर लोह अंगी लागत नाही. मधे दोन तास जाऊ द्या आणि लिंबूपाण्याबरोबर घ्या. संडास काळी होते, ते रक्त नव्हे. मळमळत असेल तर रात्री जेवल्यानंतर घ्या, पण बंद करू नका.

गोळी नीट घेतली तर महिन्याला साधारण एक ग्रॅम वाढतं. मेघनाचं 9.4 वरून 28 व्या आठवड्यात 10.9 झालं. महिन्याभरात काहीच हललं नसतं तर शिरेतून लोह द्यायचं ठरलं होतं. त्यासाठी नववा महिना उजाडेपर्यंत थांबू नये.

तिचा रक्तगट निगेटिव्ह. असं रक्त लहान गावात मागितल्याबरोबर मिळत नाही. जवळची रक्तपेढी कुठे आहे ते बघून ठेवलं आणि दोन निगेटिव्ह रक्तदात्यांचे नंबर फाईलमध्ये लावले. एक तिचा मावसभाऊ, दुसरे नवऱ्याच्या शाळेतले सर.

लाल गेलं तर

27 व्या आठवड्यात, पहाटे पाच वाजता, मेघनाला अंगावरून लाल गेलं. पोटात दुखत नव्हतं. परकरावर दहा रुपयांच्या नाण्याएवढा डाग, मग पॅडवर आणखी थोडं. वार खाली असतानाचं रक्त असंच असतं : ताजं लाल, बहुधा न दुखता, काही कारण नसताना. पहिल्यांदा थोडं जातं आणि थांबतं. थांबलं म्हणून घरी बसणं ही सगळ्यात मोठी चूक, कारण दुसऱ्यांदा किती जाईल याचा पहिल्यावरून अंदाज येत नाही.

तिनं काय केलं ते क्रमानं सांगतो. पॅड लावला, आत कापसाचा बोळा घातला नाही. डाव्या कुशीवर झोपली. घड्याळ पाहिलं. तोंडानं काही घेतलं नाही, चहासुद्धा, कारण तातडीनं भूल द्यावी लागली तर पोट रिकामं असलेलं बरं. नवऱ्यानं फाईल घेतली आणि वापरलेले पॅड पिशवीत घालून बरोबर आणले. "खूप गेलं" यापेक्षा दोन भिजलेले पॅड डॉक्टरला बरंच काही सांगतात. ते उपकेंद्रात थांबले नाहीत, थेट सिझरची सोय असलेल्या ठिकाणी आले. तासाभराच्या आत एक पॅड पूर्ण भिजला, गाठी पडल्या, चक्कर आली किंवा बाळाची हालचाल कमी वाटली तर स्वतःच्या गाडीच्या भानगडीत न पडता 108 ला फोन करायचा. पोट दगडासारखं कडक होऊन सतत दुखत असेल तर रक्त थोडं दिसलं तरी तितकीच घाई. त्यात वार आतल्या आत सुटलेली असू शकते.

रुग्णालयात आम्ही शिरेत सुई लावली, रक्त जुळवायला पाठवलं, बाळाचे ठोके पाहिले आणि पुन्हा सोनोग्राफी केली. रक्तगट निगेटिव्ह असल्यामुळे अँटी-डी इंजेक्शन दिलं. ते रक्त गेल्यापासून 72 तासांच्या आत मिळायला हवं. ही गोष्ट गडबडीत विसरली जाते, म्हणून निगेटिव्ह बाईनं स्वतःच आठवण करून द्यावी. बाळ लवकर काढावं लागेल असं दिसलं असतं तर त्याच्या फुप्फुसांसाठी स्टेरॉइडची इंजेक्शनं सुरू केली असती. तशी वेळ आली नाही. रक्त सकाळीच थांबलं, तरी दोन दिवस ठेवून घेतलं. ती रुग्णालयातून 20 मिनिटांवर राहत नसती तर मी जास्त दिवस ठेवलं असतं.

बत्तिसाव्या आठवड्याची सोनोग्राफी

मधल्या काळात रक्त गेलं नसेल तर 24 व्या, 26 व्या, 28 व्या आठवड्याला वार पाहायला पुन्हा पुन्हा जाऊ नका. पिशवीचा खालचा भाग अजून ताणलेलाच नसतो. आकडा दोन मिलीमीटरनं मागेपुढे होतो आणि घरात उगाच रडारड. थेट 32 आठवड्यांना जा, आणि तीही टीव्हीएसच करून घ्या.

तिथे तीन गोष्टी मोजायला सांगा. वारेच्या कडेचं अंतर. पिशवीच्या तोंडाची लांबी, कारण वार खाली असताना ती 31 मिमीपेक्षा कमी भरली तर आधीच रक्तस्राव होऊन घाईनं सिझर करावं लागण्याची शक्यता वाढते. आणि तिसरी, जी बऱ्याचदा राहून जाते : कलर डॉपलर लावून तोंडावरून बाळाची रक्तवाहिनी जात नाही ना, ते पाहणं. वार वर गेली तरी तिच्या मागे एखादी उघडी वाहिनी तोंडावर राहू शकते. तिला व्हासा प्रिव्हिया म्हणतात. पाणी फुटताना ती वाहिनी फुटली तर जाणारं रक्त बाळाचं असतं, आणि बाळाच्या अंगात रक्त असतंच किती. हा प्रकार विरळा, पण आधी कळला तर ठरवून सिझर करून बाळ वाचतं.

अंतर 20 मिमी किंवा जास्त आणि वाहिनी नाही, तर वारेचा विषय संपला, नेहमीसारखं बाळंतपण. कमी असेल तर 36 व्या आठवड्याला पुन्हा एकदा टीव्हीएस. तेव्हाही तोंड झाकलेलं असेल तर सिझरच. रक्त गेलेलं नसेल तर ते साधारण 36 ते 37 आठवड्यांच्या दरम्यान ठरवतात, वारंवार गेलेलं असेल तर आणखी आधी. 10 मिमीपर्यंत अंतर असेल तर बहुतेक डॉक्टर सिझरकडे झुकतात. 11 ते 20 मिमीमध्ये नैसर्गिक बाळंतपणाचा प्रयत्न करता येतो, पण रक्त आणि शस्त्रक्रियागृह तयार असलेल्या जागीच.

मेघनाचं 32 व्या आठवड्याला 17 मिमी होतं, तोंडाची लांबी 36 मिमी, वाहिनी नाही. चांगलं, पण माहेरी जाण्याइतकं नाही. आईनं मुक्काम वाढवला. 36 व्या आठवड्याला अंतर 29 मिमी भरलं. फाईलवरची लाल ओळ मी तिच्यासमोर खोडली, खाली तारीख घातली. तोवर माहेरी जाण्याचे दिवस निघून गेले होते. 39 व्या आठवड्यात सासरीच कळा सुरू झाल्या, मुलगी झाली, आणि वार दहा मिनिटांत आपणहून पडली.